शालीखालचा खांदा

माणूस हयात असेपर्यंत त्याच्या खांद्यावर शाल घालायला कुणाला सवड नसते, आणि तो गेला की फोटोत का होईना पण शाल हवीच, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. त्या कायद्याशी माझं भांडण नाही. पस्तीस वर्षं मी फोटो दुरुस्त करण्याच्या धंद्यात काढली. पहिली काही वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली, पुढे कॉम्प्युटरवर उंदीर. या काळात मी स्वतः शेकडो दिवंगतांना शाली पांघरल्या आहेत. माझं भांडण आहे ते पांघरण्याच्या नावाखाली शाल चिकटवणाऱ्यांशी!

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी अण्णांचा फोटो घेऊन आल्या. अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. खुर्चीत बसलेला, कंबरेपर्यंतचा, साध्या सदऱ्यातला फोटो त्यांनी एका स्टुडिओत दिला होता. तिथल्या मुलानं दहा मिनिटांत त्यावर मरून रंगाची जरीकाठी शाल चढवून दिली होती.

"चांगला आलाय, सगळे म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "पण भाऊजी, हे आमचे नव्हेत."

चेहऱ्याला तर कुणी हात लावलेला नव्हता. मी भिंग घेतलं, आणि चोरी खांद्यावर सापडली. सायकलवरून पडून अण्णांच्या उजव्या हासळीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो खांदा बोटभर खाली असायचा. स्टुडिओतल्या मुलाकडे तयार शालीची एक फाईल असते. ती शाल कुणा सरळ खांद्याच्या माणसावर बेतलेली. ती अण्णांना बसेना, म्हणून त्या पठ्ठ्यानं अण्णांचा खांदाच उचलला! शिंप्याकडे कोट घट्ट झाला तर कोट उसवतात की गिऱ्हाईकाची बरगडी काढतात?

आता तुम्ही म्हणाल, बोटभर खांद्याचं एवढं काय? अहो, कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते ज्यावर टेकतं त्याचा आकार घेतं. शाल मोजून तीन-चार जागी टेकते. मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या टोकांवर, आणि हात दुमडलेला असेल तर कोपराच्या खाचेत. बाकीची सगळी शाल लोंबत असते. चुण्या निघतात त्या या टेकणाऱ्या जागांमधून. जिथे ती एकाच जागेवरून सरळ खाली लोंबते, तिथे उभ्या नळ्या पडतात. जिथे दोन जागांच्या मधे लोंबते, म्हणजे खांदा आणि कोपर यांच्या मधे, तिथे झोळी पडते. खांदा बोटभर हलवला की सगळ्या झोळ्या हलतात. लिओनार्दो द विंची मातीच्या पुतळ्यांवर चिखलात भिजवलेली फडकी पांघरून त्यांचा अभ्यास करायचा, असं वासारीनं लिहून ठेवलं आहे. एवढा थोर माणूस फडकं मनानं काढायला धजत नव्हता, आणि आमचा स्टुडिओवाला फाईल उघडतो!

चिकटवलेली शाल ओळखायला भिंगही लागत नाही. पहिली खूण मानेमागे. खरी शाल मानेच्या मागून जाते. चिकटवलेली कॉलरच्या दोन बाजूंना येऊन संपते, आणि माणूस गळ्यात पट्टे अडकवलेल्या वकिलासारखा दिसतो. दुसरी खूण काठात. चुणी आत वळली की काठही तिच्याबरोबर वळून लपला पाहिजे, पुन्हा बाहेर आला पाहिजे. चिकटवलेल्या शालीचा काठ फूटपट्टीनं आखल्यासारखा कोपरापर्यंत सरळ धावतो. अण्णांच्या शालीवर तर दुकानातल्या खोक्यातल्या चौकोनी घड्याही जशाच्या तशा होत्या. तिसरी खूण सावलीची. ती नव्हतीच.

मी वहिनींना विचारलं, "अण्णांची स्वतःची शाल आहे का?" डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट ती आली. तपकिरी, लोकरीची, चांगली जाड. मरून बिरून काही नाही. अण्णांचा सत्कार उभ्या जन्मात कुणी केला नव्हता, पण ही शाल त्यांच्या अंगावर रोज पहाटे असायची.

मग पुतण्याला पकडला. अण्णांच्या बेताचा आहे. फोटोत अण्णांच्या डाव्या हाताला खिडकी होती, म्हणून त्यालाही तसाच खिडकीशी बसवला. कॅमेरा अण्णांच्या फोटोइतक्याच उंचीवर, छातीसमोर ठेवला. खांद्याचं काय करायचं? चौपदरी घडी केलेला पंचा त्याच्या डाव्या खांद्यावर सदऱ्याच्या आत सारला. डावा वर गेला म्हणजे उजवा आपोआप खाली! त्यावर शाल टाकली आणि त्याला म्हटलं, "आता दोनदा हात हलव, आणि अण्णांसारखे मांडीवर ठेव." हा हलवण्याचा भाग महत्त्वाचा. नीटनेटकी लावलेली शाल कधीच खरी दिसत नाही. तिला आपली जागा स्वतः शोधू द्यावी लागते.

पुढचं काम कॉम्प्युटरवर. शाल कापून घेतली आणि तिचे दोन भाग केले. मानेमागचा तुकडा अण्णांच्या डोक्याच्या आणि मानेच्या थराखाली, खांद्यावरचे आणि हातावरचे पदर वर. राहिलेला किरकोळ फरक Puppet Warp नं काढला. त्यात टाचण्या रोवायच्या असतात. त्या मी टेकण्याच्या जागीच रोवल्या, आणि टाचणी अगदी जराशीच सरकवली. जास्त ओढली की विणीची पोळी लाटली जाते. त्याची परीक्षा सोपी आहे. काठाची रुंदी खांद्यावर आणि पदराच्या टोकाशी जवळपास सारखी दिसली पाहिजे. एका जागी काठ फुगला, तर समजावं की लोभ झाला. आणि हेही सांगून ठेवतो, की हे अवजार असलेली चुणी वाकवतं, नसलेली चुणी निर्माण करत नाही. हात दुमडलेला आणि शाल सरळ हातावरची असेल, तर टाचण्या मोडत बसू नका, दुसरा फोटो काढा.

शेवटी सावली. शालीखाली वेगळा थर घेतला, त्याला Multiply लावलं. रंग काळा घेतला नाही. सदऱ्याच्याच गडद चुणीतून उचलला, कारण पांढऱ्या सदऱ्यावर काळी सावली काजळीसारखी दिसते. जिथे शाल अंगाला टेकते तिथे बारीक आणि दाट रेघ, जिथे अंगापासून सुटून लोंबते तिथे रुंद, फिकट, आणि खिडकीच्या विरुद्ध अंगाला सरकलेली. एवढ्या एका सावलीनं शालीला वजन येतं. मग जुन्या फोटोचा मऊपणा आणि दाणा शालीलाही दिला, नाहीतर माणूस जुना आणि शाल आजची!

दोन संध्याकाळी गेल्या. स्टुडिओवाला म्हणेल, दोनशे रुपयांत दोन संध्याकाळी कशा परवडणार? नाही परवडणार, मान्य. तर मग सरळ सांग बाबा, "सदऱ्यातच छान दिसतात." शाल नसलेला अण्णा खोटा नव्हता. खांदा उचललेला अण्णा खोटा होता.

फोटो फ्रेम करून दिला. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उजव्या खांद्यावरून शाल थोडी घसरलेली होती, पुतण्याच्या अंगावर घसरली तशी. मला वाटलं, एवढं राहिलंच. तेवढ्यात वहिनींनी काचेवर बोट ठेवलं, आणि ती वर ओढल्यासारखं केलं.

"अहो, नीट घ्या की," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे.