‘अब्बा’ अवघड आणि ‘म्हणाला’ सोपा?

मागच्या वर्षी वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांसाठी गोष्टी लिहायच्या एका कार्यशाळेत मी गेलो होतो. नियमांचा कागद आधीच हातात दिला होता. वाक्य चार शब्दांपेक्षा मोठं नको, शब्द ओळखीचे हवेत, जोडाक्षर नको. मला हे नियम पटले. अजूनही पटतात. पण गोष्ट लिहून दिली आणि ती परत आली तेव्हा तिच्यावर तीन खुणा होत्या. पहिली, ‘अब्बा’ हा शब्द जोडाक्षराचा आहे, ‘बाबा’ करावं. दुसरी, शेवटी बकरी परत यावी. तिसरी, ‘साराला खूप दुःख झालं’ असं एक वाक्य घालावं, म्हणजे मुलांना भावना कळेल.

या तीन खुणांशी माझं भांडण आहे. आधी गोष्ट वाचा, मग भांडू.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. लोकांना होडीत, बोटीत बसवून बाहेर काढलं, जनावरं बऱ्याच ठिकाणी मागेच राहिली. पाणी चढू लागलं की जाणती माणसं गोठ्यातल्या दाव्या सोडून देतात. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं कदाचित वाचतं. हे सगळं सहा वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येईल असं लिहायचं होतं. मी लिहिलं ते असं:

काळी साराची बकरी.
सारा दोरी धरते. काळी चालते.
काळी साराजवळ झोपते.

पाऊस आला. रोज पाऊस.
पाणी दारात आलं. पाणी घरात आलं.

होडी आली.
दादी बसली. सारा बसली.
“काळी?”
“जागा नाही.”

अब्बांनी दोरी सोडली. काळी वर पळाली.
दोरी साराला दिली.
सारा दोरी धरते. होडी चालते.

पाणी गेलं.
सारा घरी आली.
दारात चिखल. घरात चिखल.
सारा वर गेली.
काळी नाही.

सारा दोरी धरते.
अब्बा साराजवळ बसले.

एकूण ६४ शब्द. एकही वाक्य तीन शब्दांपेक्षा मोठं नाही. ‘अब्बा’ सोडला तर जोडाक्षर एकही नाही.

आता पहिली खूण. जोडाक्षर टाळायचं कारण खरं आहे. नवा वाचक अक्षराला अक्षर जोडत शब्दाच्या शेवटाला पोचतो. मध्येच अर्धं अक्षर आलं की तो अडतो, आणि अडला की मागचं विसरतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं तर काय घडलं हे कळेपर्यंत कोणी केलं तेच हातातून निसटतं. त्यामुळे छोटं वाक्य ही मुलाची गरज आहे, लेखकावर लादलेली शिक्षा नव्हे.

पण मग हा नियम सगळ्यांना सारखा लावा. त्याच कार्यशाळेत नमुना म्हणून वाटलेल्या गोष्टीत ‘म्हणाला’ तीनदा होता. ‘पुन्हा’ होता. ‘नव्हता’ही होता. म्ह, न्हा, व्ह ही जोडाक्षरं नाहीत तर काय आहेत? ती कुणाच्या डोळ्यांत खुपली नाहीत, कारण डोळ्यांना त्यांची सवय आहे. ‘अब्बा’ खुपला, कारण त्याची सवय नाही. अडचण ‘ब्ब’ची नव्हती, आणि ‘ब्ब’ तसा सरळच आहे. अर्धा ब, पुढे पूर्ण ब, दोन्ही तुकडे डोळ्यांना दिसतात. क्ष, ज्ञ, श्र यांच्यासारखं त्यात काही लपलेलं नाही.

हा फक्त मुसलमानाच्या घराचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर सातारा-सांगलीतल्या कुठल्याही गल्लीत जाऊन हाका ऐका. अण्णा, आप्पा, तात्या, अक्का, आज्जी, पप्पा, मम्मी, अम्मी. प्रत्येकीत जोडाक्षर. आपण जवळच्या माणसाला हाक मारताना अक्षरावर जोर देतो. नियम आंधळेपणाने लावला तर या भागातल्या अर्ध्याअधिक घरांतली माणसं गोष्टीतून बाहेर जातात आणि उरतात फक्त पुस्तकातले आई-बाबा. ज्या शब्दावर मूल दिवसातून पन्नासदा जोर देतं तोच शब्द आपण त्याला ‘अवघड’ म्हणून नाकारतो. खरं तर ‘ब्ब’ शिकवायला ‘अब्बा’पेक्षा आणि ‘ण्ण’ शिकवायला ‘अण्णा’पेक्षा चांगला शब्द कुठून आणणार? उच्चार मुलाच्या तोंडात आधीच तयार आहे, फक्त त्याचं चित्र दाखवायचं आहे. एका गोष्टीत असं एकच जोडाक्षर घ्या आणि ते दोनतीनदा येऊ द्या, बस.

इथे एक मूळ घोटाळाही सांगितला पाहिजे. ‘मर्यादित शब्दसंख्या’ ही कल्पना आपण इंग्रजीतून उचलली. तिथे डॉ. स्यूस यांनी १९५७ मध्ये २३६ वेगवेगळ्या शब्दांत मांजराची गोष्ट लिहिली, १९६० मध्ये पन्नास शब्दांत दुसरी. इंग्रजीत शब्द दिसतो एक आणि उच्चारतात दुसराच, म्हणून तिथे शब्द मोजण्यात अर्थ आहे. बरेच शब्द नजरेनेच पाठ करावे लागतात. मराठीत अक्षरं आणि मात्रा कळल्या की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो. मग इथे मोजायची ती अक्षरं. सातारा जिल्ह्यातच, फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी ऐंशीच्या दशकात उभ्या केलेल्या शाळेने हेच धरलं. सगळी बाराखडी एकदम न लादता थोडी अक्षरं आणि थोड्या मात्रा घ्यायच्या, आणि तेवढ्यावरच लगेच अर्थाचे शब्द, अर्थाची वाक्यं वाचायला द्यायची. हे आपल्या दारातलं काम आहे, तरी आपल्या हातात यादी येते ती शब्दांची.

आणि ती यादीही मराठीत फसवते. मूळ शब्द मोजले तर माझ्या गोष्टीत २५ शब्द आहेत. पण मूल मूळ शब्द वाचत नाही, छापलेलं रूप वाचतं. सारा, साराची, साराला, साराजवळ ही त्याच्यासाठी चार वेगळी दृश्यं आहेत. तसं मोजलं तर ३४ होतात. यादीत ‘पाणी’ आहे म्हणून लेखक खुशाल ‘पाण्यात’ लिहितो आणि मुलाला नकळत ‘ण्य’ देऊन टाकतो. ‘डोळा’ सोपा, ‘डोळ्यात’ अवघड. ‘काळी पाण्यात’ हे दोन शब्द मला फार हवे होते, ते सोडावे लागले. ‘साराच्या हातात दोरी’ हेही ‘च्या’मुळे गेलं. ‘म्हणाली’ टाळण्यासाठी मी संवाद नुसता अवतरणचिन्हांत ठेवला. ‘नाव’ टाळून ‘होडी’ घेतली, कारण ‘नाव आली’ वाचून मूल कुणाचं नाव म्हणून थांबलं असतं. ‘बोट’ लिहिलं असतं तर त्याने हाताचं बोट पाहिलं असतं. बंधन पाळायचं म्हणजे हे असं पाळायचं. अब्बाचा बाबा करून पाळल्याचं समाधान मिळतं, मुलाला काही मिळत नाही.

आता तिसरी खूण आधी घेतो. ‘साराला खूप दुःख झालं.’ यात ‘दुःख’ हा शब्द विसर्गामुळे वाचायला जड, हे राहू द्या. मुख्य म्हणजे हे वाक्य मुलाचं काम हिरावून घेतं. शब्द कमी असताना भावना आणायचा माझ्या माहितीतला एक भरवशाचा मार्ग म्हणजे तेच वाक्य पुन्हा आणणं आणि आजूबाजूचं बदलणं. ‘सारा दोरी धरते’ हे वाक्य गोष्टीत तीनदा आहे. पहिल्यांदा दोरीच्या टोकाला काळी आहे. दुसऱ्यांदा टोक रिकामं आहे आणि पुढचं वाक्य ‘काळी चालते’च्या जागी ‘होडी चालते’ आहे. तिसऱ्यांदा पुढे काही चालतच नाही. वाक्यात एक अक्षरही बदललेलं नाही. नव्या वाचकाला याचा दुहेरी फायदा होतो. तिसऱ्या वेळी त्याला ते वाक्य लावायला कष्ट पडत नाहीत, म्हणून सगळं लक्ष अर्थाकडे जातं. भावना नेमकी सोप्या झालेल्या ओळीवर ठेवायची, अवघड ओळीवर नाही. ‘दुःख’ हा शब्द लावताना धाप लागलेल्या मुलाला दुःख होत नाही.

दुसरी खूण, बकरी परत आणा. का? त्या पुरानंतर सांगलीच्या पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतल्या किती घरांत रिकामा खुंटा होता हे त्या घरांतली मुलं जाणतात. त्यांना गोष्टीत बकरी परत आलेली दाखवली तर ती एवढंच शिकतील की पुस्तकात लिहितात ते आपल्यासाठी नसतं. काळी मेली असंही मी लिहिलेलं नाही. ती वर पळाली आणि आता नाही, इतकंच साराला ठाऊक आहे, तेवढंच वाचकाला. पण मुलाला चिखलात एकटं सोडून पान संपवणंही मला मान्य नाही. म्हणून शेवटची ओळ. सुरुवातीला ‘साराजवळ’ काळी झोपते, शेवटी ‘साराजवळ’ अब्बा बसतात. ते समजूत घालत नाहीत, नवी बकरी आणायचं वचन देत नाहीत. बसतात. त्या जागी ‘बाबा’ लिहिलं असतं तर वाक्य वाचायला अर्ध्या अक्षराने सोपं झालं असतं आणि सारा दुसऱ्याच कुणाच्या घरात बसली असती.

अशी गोष्ट जमली की नाही हे मोठ्यांना विचारू नये. एका मुलाला मोठ्याने वाचू द्यावं आणि दोन ठिकाणी बघावं. बोट कुठे मागे फिरतं? अक्षरावर अडून फिरलं तर तो शब्द बदला. अर्थासाठी फिरलं तर हात लावू नका. आमच्या शेजारच्या दुसरीतल्या मुलीने ही गोष्ट वाचली. ‘अब्बांनी’वर ती क्षणभर थांबली, ओठ दाबून ‘अब्-बां’ म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या घरी वडिलांना आप्पा म्हणतात. ‘काळी नाही’पाशी पोचल्यावर मात्र ती थांबली, पान उलटून ‘काळी वर पळाली’वर बोट ठेवलं, पुन्हा पुढे आली. शेवटपर्यंत वाचून तिने मला विचारलं, “दोरी कुठंय आता?”

तात्पर्य विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गोष्ट मी तशीच परत पाठवली, एक अक्षर न बदलता. सोबत त्यांच्याच नमुन्याच्या गोष्टीतली ‘म्हणाला’ची तीन ठिकाणं लाल पेनाने गोल करून जोडली. उत्तर अजून आलेलं नाही.