तळाच्या फोटोवरून लेप ठरवणाऱ्यांसाठी

नॉनस्टिक तव्याच्या तळाचा फोटो टाकून कुणी ‘लेप कोणता?’ असे विचारले की ठाम उत्तर येते: ‘पीएफओए फ्री लिहिले आहे, म्हणजे टेफ्लॉन नाही, सिरॅमिक आहे.’ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी हे खपवून घेऊ नये. पीएफओए हे पीटीएफई तयार करताना पूर्वी वापरले जाणारे साहाय्यक रसायन. तव्यावर लेप असतो तो पीटीएफईचा. पहिले वगळले तरी दुसरे असू शकतेच. ‘टेफ्लॉन’ हेही लेपाचे व्यापारनाम आहे, तवा बनवणाऱ्याचे नव्हे.

समजा, तळावर ‘२४ सेमी’, वेटोळ्याचे चिन्ह, ‘पीएफओए फ्री’ आणि आयएसआय चिन्ह आहे. व्यास कळला, तवा इंडक्शनवर चालेल हे कळले. लेप कळला नाही. तेथे ‘पीटीएफई फ्री’ असते, तर गोष्ट वेगळी होती. आयएसआय चिन्हावरील ‘आयएस १६६०’ हे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचे मानक. खरा धागा चिन्हाखालच्या सीएम/एल क्रमांकात आहे (फोटोत नेमका तोच चकाकीत हरवतो!). ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवानाधारक उत्पादक कळतो. लेपाचे नाव त्याच्याकडेच विचारावे लागते.