फोन ऐकतो, पण सांगतो कुणाला?

एप्रिल महिना, लातूरची रूम, चार पोरं कूलरबद्दल बोलत बसतात आणि अर्ध्या तासात एकाच्या फोनवर कूलरची जाहिरात येते. मग लगेच निकाल लागतो, ‘‘फोन आपलं सगळं ऐकायलाय बघ!’’ नांदेडच्या बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, घरात, सगळीकडं हेच वाक्य कानावर पडतं. माझं मत असं की हे वाक्य अर्धंच खरं आहे. फोन ऐकतो, हे बरोबर. पण ऐकणं आणि ऐकलेलं बाहेर पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की आपण नको तिथं घाबरतो आणि जिथं खरंच विचारायला पाहिजे तिथं गप्प बसतो.

आधी साधा हिशोब करू. ‘ओके गूगल’, ‘हे सिरी’, ‘अलेक्सा’ या शब्दांना वेक वर्ड म्हणतात. आपण त्याला ‘हाक’ म्हणू. ही हाक कधीही येऊ शकते, म्हणून कुणीतरी चोवीस तास कान उघडे ठेवून बसायलाच पाहिजे. हे काम मुख्य प्रोसेसरला दिलं आणि तो फक्त एक वॅट वीज खातोय असं धरलं, तरी 5000 एमएएचची बॅटरी एकोणीसेक तासांत संपेल, तेही तुम्ही फोनला हात न लावता. म्हणून हे काम एका बारक्या चिपकडं, किंवा मोठ्या चिपच्या एका बारक्या कोपऱ्याकडं असतं. तिला एक मिलिवॅट लागतो असं धरा. म्हणजे वॅटचा हजारावा भाग. दिवसभर ऐकून बॅटरीचा अर्धा टक्कासुद्धा जात नाही.

आता समजा, तुमचा आवाज सतत बाहेर जातोय. बोलणं ओळखायला साधारण सेकंदाला 16 हजार नमुने घेतात, प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला 32 हजार बाइट, दिवसाला पावणेतीन जीबी. रोज दीड जीबीचा पॅक दुपारीच संपला असता. कुणी म्हणेल, आवाज दाबून लहान करता येतो की! येतो. फोन कॉलसारखा दाबला तरी दिवसाला अडीचशे एमबीच्या आसपास जातो. डेटा वापराच्या यादीत एवढा आकडा लपत नाही, आणि सतत डेटा पाठवणारा फोन तापतो, बॅटरी उतरते.

मग ती चिप एवढ्या कमी विजेवर करते तरी काय? आयफोनमध्ये काय असतं ते ॲपलने लिहून प्रसिद्ध केलंय. पण आतला प्रत्येक आकडा बघायचा तर गूगलच्या लोकांनी शिकवण्यासाठी खुला केलेला एक छोटा प्रोग्राम बरा. इंजिनिअरिंगची बरीच पोरं तो मिनी प्रोजेक्टला घेतात. ‘आर्डुइनो नॅनो 33 बीएलई सेन्स’ नावाचा बोटाएवढा बोर्ड. त्यात 256 केबी रॅम, म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटोसुद्धा मावायची मारामार. हा बोर्ड ‘येस’ आणि ‘नो’ हे दोनच शब्द ओळखतो. दिवा लावतो. बस्स.

पद्धत अशी. माइकमधून आलेला आवाज एका गोल साठ्यात पडत राहतो. रहाटगाडगं आठवा. गाडगी ओळीनं भरतात, वर येऊन रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात. तसंच इथं नवा आवाज जुन्याच्या जागी लिहिला जातो. दोन सेकंदांपूर्वी तुम्ही काय बोललात, हे चिपकडं शिल्लकच नसतं. ठेवायला जागाच नाही.

त्यातल्या शेवटच्या एका सेकंदाचे चिप 49 बारीक काप करते आणि प्रत्येक कापात जाड ते पातळ अशा 40 पट्ट्यांत किती जोर आहे, तेवढाच आकडा लिहिते. झाला 1960 आकड्यांचा तक्ता. 32 हजार बाइटच्या आवाजाचं एवढंसं चित्र. तुमचा आवाज त्यातून जसाच्या तसा परत काढता येत नाही. मग साधारण 18 केबीचं शिकवलेलं मॉडेल त्या चित्रावर सव्वातीन-साडेतीन लाख गुणाकार करतं आणि चारच उत्तरं देतं: शांतता, अनोळखी आवाज, येस, नो. प्रत्येकाला 0 ते 255 मध्ये गुण. एकाच चित्रावर विश्वास न ठेवता सेकंदभरातल्या अनेक चित्रांची सरासरी काढतात आणि ती 200 च्या वर गेली तरच दिवा लागतो.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या मॉडेलला भाषा येत नाही. तुम्ही कूलर म्हणा, कर्ज म्हणा, नाहीतर मैत्रिणीचं नाव घ्या, त्याच्या लेखी सगळं ‘अनोळखी’. म्हणजे ते जाहिरातवाल्याला सांगणार काय? कपाळ? कूलरची जाहिरात येते कारण एप्रिलमध्ये लातूरच्या लोकेशनवर ती सगळ्यांनाच दाखवतात, आणि बहुतेक वेळा त्याच वायफायवर रूममेटनं कूलर शोधलेला असतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासले आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. चोरून माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचं रेकॉर्डिंग मात्र बाहेर पाठवत होते. भीती माइकची होती, चोरी पडद्याची निघाली.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ही चिप म्हणजे दारावरचा वॉचमन. तो घरातलं काही बाहेर नेत नाही. पण दार कधी उघडायचं हे तोच ठरवतो, आणि त्याला फार कमी कळतं. वर सांगितलेला 200 चा आकडा बघा. तो 150 केला तर हळू आवाजात म्हटलेलं ‘येस’सुद्धा पकडलं जाईल, पण स्वयंपाकघरात कुणी ‘येसर’ म्हटलं तरी दिवा लागायची शक्यता वाढेल. येसराची सुरुवात ‘येस’नंच होते ना! उलट आकडा 240 केला तर येसर सुटेल, पण तुम्ही तीनदा ओरडलात तरी बोर्ड ढिम्म. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. एक दाबली की दुसरी वर येते. बोर्डवर निदान आकडा तुम्ही ठरवता. विकत घेतलेल्या स्पीकरमध्ये तो कंपनी ठरवते. हाकेला ओ न देणारा स्पीकर गिऱ्हाईक परत करतं, चुकून जागा झालेला त्याच्या लक्षातही येत नाही. मग कंपनी आकडा कुठल्या बाजूला झुकवत असेल, तुम्हीच सांगा.

मोठ्या कंपन्या यावर दुसरा पहारा ठेवतात. वॉचमनला शंका आली की मुख्य प्रोसेसर जागा होतो आणि मोठं मॉडेल तोच आवाज पुन्हा तपासतं. काही यंत्रं तिसरी तपासणी कंपनीच्या सर्व्हरवर करतात. पण सर्व्हरवर तपासायचं म्हणजे आवाज तिथं पोचलेलाच असतो.

ही काल्पनिक भीती नाही. जुलै 2019 मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वृत्तवाहिनीला गूगल असिस्टंटची हजारावर रेकॉर्डिंग मिळाली. भाषा सुधारण्यासाठी ती कंत्राटी माणसं ऐकून लिहून काढत होती. त्यांतल्या 153 रेकॉर्डिंगमध्ये हाक मारलेलीच नव्हती. घरातलं बोलणं होतं, आणि यंत्राला ती हाक वाटली. त्याच महिन्यात ॲपलच्या सिरीबद्दलही तसंच बाहेर आलं. पँटच्या चेनच्या आवाजानंसुद्धा सिरी जागी व्हायची. चिपनं चोरी केली नव्हती. तिची ऐकण्यात चूक झाली, आणि तिच्यामागचं दार सताड उघडं होतं.

आता हे आपल्या घरात आणून बघा. वरच्या बोर्डला शिकवण्यासाठी वापरलेले एकेका सेकंदाचे लाखभर आवाज सगळे इंग्रजी शब्दांचे आहेत. ‘अलका, सांग की’ हे भरभर म्हणून बघा आणि ‘अलेक्सा’च्या किती जवळ जातं ते ऐका. नांदेडमध्ये एकाच गल्लीत मराठी, दखनी उर्दू, पंजाबी, तेलुगू ऐकू येतं. अशा घरात हा वॉचमन तासाला किती वेळा फसतो? स्पीकरच्या खोक्यावर वॅट छापलेले असतात, वॉरंटी छापलेली असते. हा आकडा नसतो.

तोवर दोन गोष्टी स्वतः करून बघता येतात. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि हाक मारा. तो जागा झाला, तर हाक ओळखणारं सगळं फोनमध्येच आहे, याचा पुरावा तुमच्या हातात. दुसरी गोष्ट, ‘myactivity.google.com’ वर किंवा अलेक्साच्या ॲपमध्ये जाऊन साठलेली व्हॉइस हिस्टरी बघा. जे तुम्ही मागितलंच नव्हतं असं काही तिथं दिसलं, तर ती खोटी हाक. ती पुसा आणि रेकॉर्डिंग साठवायची सेटिंग बंद करा. या सेटिंगवर मात्र कायमचा भरवसा ठेवू नका. अमेरिकेत काही एको स्पीकरवर ‘माझा आवाज सर्व्हरवर पाठवू नका’ असा पर्याय होता. तो ॲमेझॉननं 28 मार्च 2025 पासून बंद केला. हाक आजही स्पीकरच ओळखतो. पण हाकेनंतरचं बोलणं कुठं राहील, हे ठरवायचा तिथल्या लोकांचा पर्याय एका ईमेलनं गेला.

म्हणून मागणी नेमकी करू. ‘फोननं ऐकू नये’ ही मागणी चुकीची, कारण न ऐकता हाक कळत नाही. मागणी अशी पाहिजे की मराठी बोलणाऱ्या घरात शंभर तासांत किती खोट्या हाका लागतात, हे फ्रिजवरच्या स्टारसारखं खोक्यावर छापा. दुसरा पहारासुद्धा यंत्रातच ठेवा, आणि तिथं खोटी ठरलेली हाक सर्व्हरपर्यंत जाऊ देऊ नका. अठरा केबीचं मॉडेल चालवणारी चिप ऐकलेलं दोन सेकंदांत विसरते. तिच्या मागं बसलेल्यांनी किती दिवसांत विसरायचं, हेही खोक्यावर लिहून द्या.