घरची मोटार : पुराच्या पाण्यानंतर चाकांची पाहणी

मोटार पुराच्या खोल पाण्यांतून बाहेर काढली, कीं घरोघरीं प्रथम इंजिनाची चौकशी होते आणि मग आंतील बैठका वाळत घातल्या जातात. इंजिन सुरू झालें, म्हणजे संकट टळलें असें मानून मंडळी निश्चिंत होतात. परंतु चाकांना झालेली इजा त्या दिवशीं बोलत नाहीं. ती बहुधा कांहीं आठवड्यांनीं बोलूं लागते. म्हणून या महिन्यांत आम्हीं चाकांचा विषय घेतला आहे.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलें होतें काय, हा पहिला प्रश्न. चाक ज्या पोलादी गोळ्यांवर किंवा रुळांवर फिरतें, तें बेअरिंग याच मध्यभागीं असतें. त्यांत ग्रीस भरलेलें असून तोंडाशीं रबराचें सील असतें. हें सील रस्त्यावरचे शिंतोडे अडविण्यास पुरेसें असतें; बुडण्याची गोष्ट निराळी. ब्रेक लावून लावून तापलेला चाकाचा मध्यभाग एकाएकीं थंड पाण्यांत गेला, म्हणजे आंतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या कडेनें गढूळ पाणी आंत ओढून घेते. तें ग्रीसमध्यें मिसळलें, कीं ग्रीस दूध घातलेल्या कॉफीसारखें दिसूं लागतें व त्याचा वंगणपणा जातो. मग गुळगुळीत पोलादावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि गोळे त्यांवरून जातांना घरघर सुरू होते.

चिपळुणास 22 जुलै 2021 रोजीं वाशिष्ठीचा पूर आला. समजा, तशा पाण्यांतून एका कुटुंबाची मोटार सुखरूप बाहेर पडली. महिन्यानें कुंभार्ली घाटाकडे जातांना विमानासारखा लांबचा घूं-घूं आवाज येऊं लागला. वेग वाढला कीं तो वाढे. गिअर बदलला तरी बदलत नसे. उजव्या वळणावर तो चढे व डाव्या वळणावर उतरे. यावरून दोष डाव्या चाकांत असावा असें अनुमान निघतें. कारण उजवीकडे वळतांना गाडीचा भार डाव्या अंगावर पडतो. अनेकदां लोक हा आवाज टायरचा समजून महिनोन्‌महिने तसेच फिरतात. बेअरिंग पार झिजलें, तर चाक डगमगूं लागतें, आणि शेवटीं तें अडकण्याचा किंवा निखळण्याचाहि धोका असतो. घाटांत असें झालें, तर काय होईल तें सांगावयास नकोच.

परीक्षा घरीं करतां येते. गाडी सपाट जागीं उभी करून इतर चाकांस दगडाची उटी लावावी, जॅकनें एक चाक उचलावें व खालीं भक्कम टेकू द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबून हात घालूं नये. चाक वर व खालीं धरून आलटून पालटून ढकलावें आणि ओढावें. खटखट लागली, तर घरांतील दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून ठेवण्यास सांगून पुन्हां पाहावें. आतां खटखट थांबली, तर दोष बहुधा बेअरिंगांत आहे. तशीच राहिली, तर तो सस्पेन्शनच्या सांध्यांत शोधावा. पुढें चाक हातानें फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. वाळू दळल्यासारखी थरथर हाताला लागली, तर बेअरिंग बिघडलें असें समजावें.

आजच्या बहुतेक मोटारींतील बेअरिंग बंद डब्यासारखें असतें. तें उघडून धुतां येत नाहीं. बिघडलें तर सबंध बदलावें लागतें. जुन्या जीपचें शंकूच्या आकाराच्या रुळांचें बेअरिंग मात्र उघडून रॉकेलनें धुतां येतें. तें पूर्ण वाळवून, खड्डे नाहींत याची खात्री करून, नवें ग्रीस भरावें आणि सीलहि नवें घालावें.

चाक वर असतांनाच टायर पाहून घ्यावा. पाण्याखालचा खड्डा डोळ्यांना दिसत नाहीं. पण त्याचा आघात टायरच्या बाजूस फोडासारखा फुगवटा आणतो. त्या ठिकाणीं आंतील धागे तुटलेले असतात, म्हणून त्यावर ठिगळ चालत नाहीं; टायरच बदलावा. आंतील बाजू पाहण्यास विसरूं नये. रिमच्या आंत वाळलेला चिखल राहिला, तर तोल बिघडून वेगांत स्टिअरिंग थरथरतें. तेव्हां दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वीं चिखल धुऊन पाहावा.

पहिल्या दिवशीं सर्व ठीक आढळलें, तरी त्यानें निर्दोषपणा सिद्ध होत नाहीं; गंज चढण्यास वेळ लागतो. म्हणून हीच परीक्षा आठवड्यानें एकदां व महिन्यानें एकदां पुन्हां करावी, आणि मधल्या काळांत खिडक्या मिटून, रेडिओ बंद ठेवून, थोडा वेळ चाकांचा आवाज ऐकावा. घरांत अनेक जण गाडी चालवीत असतील, तर पाण्यांतून गेल्याची तारीख गाडींतील वहींत टिपून ठेवावी. महिन्यानंतर घरघर ऐकणाऱ्यास तिचें कारण त्यावरून कळेल.