पैसे कापले, पण प्रश्न कापू नका



आपल्याकडे नाटकाचे किंवा लघुपटाचे पैसे कमी पडले की पहिल्यांदा पानं फाडली जातात. जे महाग ते काढायचं आणि उरलेल्या जागी निवेदकाचा आवाज टाकायचा. ही पद्धत चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण महाग प्रसंगाबरोबर त्यातला विचारही जातो आणि तो गेला हे आपल्या लक्षातसुद्धा येत नाही.

आमचंच उदाहरण सांगतो. 1954 च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीवर आम्ही बारा मिनिटांचा लघुपट लिहिला होता. या निवडणुकीत बाबासाहेबांचा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव झाला. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. आम्हाला एकच गोष्ट दाखवायची होती: राखीव जागेवरचा प्रतिनिधी फक्त आपली माणसं निवडत नाहीत, सगळा मतदारसंघ निवडतो. 1932 च्या पुणे कराराने आलेला संयुक्त मतदारसंघ तो हाच.

अंदाजपत्रक 70,000 रुपयांचं होतं. ज्यांनी पैसे देऊ केले होते त्यांनी ऐनवेळी 28,000 वर आणलं. एकट्या रात्रीच्या जाहीर सभेलाच 31,000 लागत होते: सव्वाशे माणसं, भाड्याची धोतरं-लुगडी, जनरेटर, दिवे, जेवण. सभा जाणार हे उघड होतं.

पहिल्या दुरुस्तीत आम्ही तीच चूक केली. सभा काढली आणि निवेदनातून पुणे करार समजावून सांगितला. मग वस्तीतल्या दहा-बारा पोरांना संहिता वाचून दाखवली आणि एकच प्रश्न विचारला, "बाबासाहेब का हरले?" एक जण म्हणाला, "लोक फितूर झाले." बाकीचे गप्प. माहिती कानावरून गेली होती, कारण पडद्यावर कोणी काही करतच नव्हतं.

तेव्हा आम्ही प्रत्येक प्रसंगाच्या समासात एक वाक्य लिहिलं: हा प्रसंग गेला तर प्रेक्षकाला काय कळणार नाही? सभेसमोर दोन वाक्यं आली. बाबासाहेब इथे आल्याने गरीब माणसात आशा जागली, हे पहिलं. त्या आशेवर गावातल्या बड्यांची नजर होती, हे दुसरं. या दोन्ही गोष्टींना सव्वाशे माणसं लागत नाहीत.

नव्या प्रसंगात एक बाई अंगणात बिड्या वळते. सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. लांबून कर्ण्याचा अस्पष्ट आवाज आणि गर्दीचा गलका येतो. तिचे हात थांबतात. तेवढ्यात माजी मालगुजाराचा माणूस कुंपणाशी येतो. "दोन चिठ्ठ्या भेटतील, मालूम हाये ना?" ती उत्तर देत नाही, पुन्हा पान कापू लागते. खर्च 1,800 रुपये. कर्ण्यातले शब्द मुद्दाम कळू दिले नाहीत. बाबासाहेबांच्या तोंडी आपण रचलेलं भाषण घालायचा अधिकार आपल्याला नाही.

उरलेले पैसे मतदानाच्या प्रसंगाला राखले, कारण त्याला पर्याय नव्हता. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदार पडद्याआड जाऊन चिठ्ठी पेटीत टाकी. दोन जागा असल्यामुळे दोन चिठ्ठ्या मिळत. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणून आम्हाला एक खोली, एक पडदा आणि पत्र्याच्या चार पेट्या पुरल्या. बाई आत येते, पहिली चिठ्ठी हत्तीच्या पेटीत टाकते. ती गेल्यावर त्याच पडद्याआड मालगुजार येतो. त्याच्याही हातात दोन चिठ्ठ्या. त्यातली एक तो राखीव जागेच्या दुसऱ्या उमेदवाराच्या, बैलजोडीच्या पेटीत सोडतो. कॅमेरा फक्त हातांवर. पुणे करार समजवायला निवेदकाची गरज उरली नाही.

स्वस्त पर्यायाचा धोकाही सांगतो. कोणीतरी सुचवलं होतं की पराभवानंतर बाबासाहेब एकटे खुर्चीत बसलेले दाखवू, एका दिवसात होईल. आम्ही नकार दिला. त्याने प्रेक्षक हळहळला असता, पण प्रश्न व्यवस्थेवरून एका माणसाच्या दुःखावर सरकला असता. शिवाय सभा गेल्यावर पुढच्या संवादातलं "त्या रात्री सभेत भेटलो होतो" हे वाक्य लोंबकळत राहिलं होतं. असे धागे शोधायला संहिता शेवटून सुरुवातीकडे वाचावी लागते.

दुसऱ्या वाचनात तोच प्रश्न विचारला. एक मुलगी म्हणाली, "आपली सीट होती, पण मत सगळ्यांचं होतं." हे उत्तर आलं तेव्हाच आम्ही चित्रीकरणाची तारीख ठरवली.

जय भीम! जय संविधान!