‘तुम्ही तिथे उपस्थित होतात’ अशी कल्पना करून

दहावीच्या मराठीत प्रसंगलेखनाचा प्रश्न असतो. एखाद्या कार्यक्रमाची चौकट दिलेली असते आणि खाली सूचना असते, की तुम्ही तिथे उपस्थित होतात अशी कल्पना करून लिहा. आपण सगळ्यांनी ते लिहिलंय. न झालेल्या वृक्षारोपणाला टाळ्यांचा कडकडाट केलाय, न आलेल्या पाहुण्यांचं रोपटं देऊन स्वागत केलंय आणि शेवटी भारावलेल्या मनाने घरी परतलोय. गाइडात सगळं तयार होतं. मार्कही मिळाले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून एकच ओरड चालू आहे: मुलं निबंध स्वतः लिहीत नाहीत. माझं म्हणणं असं, की तो निबंध मुलं आधीही लिहीत नव्हती. न गेलेल्या ठिकाणी गेल्यासारखं लिहायचं हाच आपला प्रश्न होता, आणि त्या प्रश्नात बोर्डात पहिला येणारा विद्यार्थी आता यंत्र आहे. यात यंत्राला शिव्या देऊन काय होणार?

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हे थोडं सरळ सांगता येईल. हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते धरून मजकूर रचतं. म्हणून ‘एसटी स्टँडवरचा अर्धा तास’ म्हटलं की प्रत्येक स्टँडवर असतं तेच त्याच्याकडून येतं. गर्दी, चहाचा वास, लाल परी, गोंधळलेली आजी आणि तिला जागा देणारा तरुण. तुमच्या गावच्या स्टँडवर आज दुपारी काय झालं, हे त्याने वाचलेल्या कुठल्याच मजकुरात नाही. तुम्ही ते पुरवलं नाहीत, तर ते बनवून सांगतं, आणि अगदी आत्मविश्वासाने.

यावर कॉलेजांचा उपाय म्हणजे डिटेक्टर, म्हणजे मजकूर माणसाचा की यंत्राचा ते ओळखणारं दुसरं यंत्र. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, तिनेच आपला डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. साधे, मोजके शब्द वापरणारा माणूस त्यांना यंत्र वाटतो. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत जर्नल लिहिणाऱ्या मुलांवर हे चालवायचं?

माझी मावशी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. तिने डिटेक्टरच्या नादी न लागता प्रश्न बदलला. पहिला प्रश्न साधा होता: ‘आपल्या बसस्थानकाचे निरीक्षण करून निबंध लिहा.’ काही उपयोग झाला नाही. ‘निरीक्षण करून’ लिहिलं की यंत्रही निरीक्षण केल्यासारखं लिहितं. ढीगभर पेपरांत तीच आजी आणि तोच तरुण आला, आणि दर वेळी माणुसकी जिवंत असल्याचं लेखकाला शेवटी पटलं. मावशी म्हणाली, “अगं, आमच्या स्टँडवर इतकी माणुसकी असती तर मी रोज उभी राहून कशाला आले असते?”

मग तिने प्रश्न घट्ट केला. ठरलेला फलाट, दुपारी साडेबारा ते एक, बस लागल्यापासून सुटेपर्यंत. किती जणांनी खिडकीतून जागा धरली, कशाने धरली ते मोजायचं. वाद झाला तर पहिलं वाक्य जसंच्या तसं टिपायचं. नोंदी वहीत, तिथेच, पेन्सिलीने. मावशी त्याच स्टँडवरून ये-जा करते, म्हणजे तपासणारी व्यक्तीही तिथली. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. पाहिलेलं दुसऱ्या कुणाला तरी ताडून बघता आलं पाहिजे, नाहीतर तो पुन्हा कल्पनेचाच निबंध.

एका मुलाने अकरा जागा मोजल्या. पाच रुमाल, तीन दप्तरं, एक हेल्मेट, एक पाण्याची बाटली आणि एक नातू. आजोबांनी त्याला उचलून खिडकीतून आत सरकवलं होतं आणि तो दोन सीटवर आडवा पडून राहिला. यंत्राच्या निबंधात याच ठिकाणी ‘काही प्रवासी रुमाल टाकून जागा अडवत होते, तर काही शिस्तीत उभे होते’ असं वाक्य होतं. ‘काही’ आणि ‘तर काही’ दिसले की मावशी तिथे पेन्सिलीने विचारते: किती?

दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा. रुमाल टाकला म्हणजे जागा आपली का? पहिली दहा मिनिटं शिस्त, रांग, परदेशात कसं असतं वगैरे झालं. मग एक मुलगी म्हणाली, माझा हात खिडकीपर्यंत पोचतच नाही, म्हणून मी रोज उभी. वर्ग तिथे अडला. तोवर सगळे हक्काबद्दल बोलत होते, उंची कुणाच्या डोक्यात नव्हती. मावशीने फळ्याचा फोटो काढला, दोन मुलांनी चर्चेची टिपणं लिहिली, आणि लेखनाचा प्रश्न असा आला: ‘काल वर्ग ज्या मुद्द्यावर अडला, त्याला तुझ्या वहीतल्या नोंदींवरून उत्तर दे. एक पान.’

हा प्रश्न कुठल्याही ॲपमध्ये टाकून बघा. वर्ग कुठे अडला हे त्याला माहीतच नाही. ते दोन्ही बाजू मांडेल आणि समन्वयावर संपवेल. मुलं मात्र आपापल्या वहीत परत गेली. जागा धरणाऱ्यांत बायका किती, पुरुष किती? ज्यांनी हे टिपलं नव्हतं ती चडफडली.

पळवाटा आहेतच. आपल्या नोंदी ॲपला देऊन पान लिहून घेतलं तर ते चांगलं उतरतं, उगाच नाकारू नये. म्हणून वीसपैकी आठ मार्क वहीतल्या नोंदींना, सात वर्गाच्या मुद्द्याला उत्तर देण्याला आणि भाषेला फक्त पाच. आधी सगळे मार्क भाषेलाच होते, आणि गुळगुळीत भाषा आता फुकट मिळते. दुसरी पळवाट जुनीच: एकजण जातो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तीसजण लिहितात. ते हेल्मेट सात वह्यांत निघालं. आता प्रत्येक गटाला वेगळा वार मिळतो, मग आकडे जुळले तरच शंका घ्यायची. आणि साठ वह्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पाच तास. हे वर्षात दोनदाच जमतं. दर आठवड्याला करा म्हणणाऱ्यांनी आधी एकदा तपासून दाखवावं.

स्टँडवर अर्धा तास थांबायला काही मुलींना घरून परवानगी नव्हती. त्यांना पिठाची गिरणी दिली, प्रश्न तोच: जागा कशाने धरली जाते? गिरणीत माणसांऐवजी डबे रांगेत असतात. एकीने चौदा डबे मोजले. त्यातल्या नऊ डब्यांचे मालक तिथे नव्हतेच, तरी अर्ध्या तासात कुणी कुणाचा डबा मागे सरकवला नाही.

तिने हे वाचून दाखवलं तेव्हा स्टँडवाले गप्प झाले. डबा चालतो, मग रुमाल का चालत नाही? गिरणीवाला बघत असतो म्हणून, असं एकजण म्हणाला. बसमध्ये कंडक्टरही असतोच की, दुसरा म्हणाला. तिसऱ्याने वही उघडून सांगितलं, की बस लागली तेव्हा कंडक्टर चौकशीच्या खिडकीपाशी होता, आत आला तेव्हा सगळ्या जागा भरलेल्या होत्या. मावशीने पुढच्या वेळचा प्रश्न तिथेच फळ्यावर लिहिला.