बाक, दोर आणि खोक्यांचा बोगदा

जुलैचा पाऊस लागला की आमच्या बालवर्गापुढचे अंगण बंद होते. पेठेतल्या शाळेचे अंगण ते केवढे, पण तेही शेवाळाने निसरडे होते. पाच वर्षांची मुले सकाळभर वर्गात कोंडली गेली की मधल्या सुट्टीच्या आत दोन-तीन भांडणे ठरलेली. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी शिक्षिकांनी वर्गातच अडथळ्यांची एक वाट मांडायचे ठरवले. हेतू मुलांची रग जिरावी एवढाच होता. हात, पाय आणि डोळे एकमेकांशी जुळवून घेणे कुणाला जमते आणि कुणाला जमत नाही, हे त्या वाटेवर इतके स्पष्ट दिसेल असे तेव्हा आम्हाला वाटले नव्हते.

सामान साधेच होते. दोन लांब बाक, पंधरा फूट जाड सुती दोर, जुन्या वह्यांचे गठ्ठे, आणि तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून मागून आणलेली फ्रीजची दोन मोठी खोकी. नायलॉनचा दोर आम्ही मुद्दाम टाळला. तो पायाखाली घसरतो आणि हाताला चरचरतो. खोक्यांच्या लोखंडी पिना मात्र एकेक उपटून काढाव्या लागल्या, त्यातच एक दुपार गेली.

पहिला टप्पा जमिनीवरच्या दोराचा. नागमोडी पसरून तो जागोजागी चिकटपट्टीने फरशीला बसवायचा, नाहीतर पायाखाली गोल फिरतो. मुलाने अनवाणीच चालायचे, कारण मोजे फरशीवर घसरतात. दुसरा टप्पा बाकाचा, तिसरा बोगद्याचा. चौथ्यात वह्यांच्या दोन गठ्ठ्यांवर दोर नुसता टेकवलेला, वीतभर उंचीवर. तो न पाडता ओलांडायचा. हा दोर कधीही बांधू नये. पाय अडकला तर तो खाली पडला पाहिजे, मूल नव्हे.

बाकाच्या बाबतीत आमची एक चूक पहिल्याच दिवशी लक्षात आली. आपल्या शाळांतल्या लांब बाकाची फळी दोन्ही टोकांना पायांच्या बाहेर वीतभर आलेली असते. मूल त्या टोकावर चढले की दुसरे टोक उचलले जाते. सुदैवाने बाजूला गाद्या होत्या. त्या दिवसापासून पायाच्या बरोबर वर खडूने रेघ ओढली. चढायचे तिथून आणि उतरायचेही तिथूनच. बाक डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी घालावी, आणि भिंत व टेबलाची टोके निदान हातभर लांब ठेवावीत.

बोगद्याचे खोके दुसऱ्याच दिवशी सांध्यावर फाटले. नुसती टोकाला टोक लावून पट्टी मारली होती. मग पहिल्या खोक्याचे टोक वीतभर दुसऱ्याच्या आत सारले. रांगणारे मूल पहिल्यातून दुसऱ्यात सरळ उतरते, गुडघ्याला कड अडत नाही. उलटे बसवले तर प्रत्येक मूल तिथे अडते. अंधाराला घाबरणाऱ्यांसाठी वरच्या बाजूला दोन खिडक्या कापल्या.

सर्वांत मोठी अडचण सामानाची नव्हती, शर्यतीची होती. पहिल्या आठवड्यात "टीचर, मैं फर्स्ट!" हा एकच गलका होता. पळत सुटलेले मूल दोरावरून दोनच पावले टाकते, बाकावरून उडी मारते आणि टाळ्या मिळवते. त्यात सराव कसलाच होत नाही. टाळ्या बंद केल्या तरी शर्यत थांबेना. मग आम्ही प्रत्येकाच्या हातात स्टीलची वाटी दिली, वाटीत दोन प्लॅस्टिकचे चेंडू. चेंडू पडला तर उचलून तिथूनच पुढे जायचे. बोगद्याच्या तोंडाशी वाटी ठेवायची, कारण रांगताना दोन्ही हात मोकळे हवेत. माँटेसरी बालवर्गांत मुले जमिनीवरच्या रेषेवरून हातात घंटा घेऊन, ती वाजू न देता चालतात. कल्पना तिथलीच, वाटी आमच्या घरची. पाच मिनिटांत वर्ग इतका शांत झाला की शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका दारात येऊन पाहून गेल्या.

वेग उतरला तेव्हा मुले दिसू लागली. एक मुलगी, नाव लिहीत नाही, वर्गात धांदरट म्हणून ठरून गेली होती. जिन्यात अम्मीचे बोट सुटत नसे. ती दोरावर चालताना आम्ही नीट पाहिले. उजवा पाय पुढे, मग डावा नुसता त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, पुन्हा उजवाच पुढे. डावा पाय एकदाही पुढे गेला नाही. बोगद्यातही तेच. रांगताना बहुतेक मुलांचा उजवा हात आणि डावा गुडघा बरोबर पुढे जातो, मग दुसरी जोडी. ही दोन्ही हात एकदम टेकवी आणि सशासारखी दोन्ही गुडघे ओढून घेई. धांदल तिच्या स्वभावात नव्हती. शरीराच्या दोन बाजूंना आळीपाळीने काम देणे जमत नव्हते.

तिला आम्ही बाकावर चढवलेच नाही. दोन आठवडे फक्त दोर आणि बोगदा. दोराच्या दोन्ही बाजूंना खडूने पावले काढली, डावी लाल, उजवी निळी, आणि आम्ही तिच्यासोबत "लाल, निळे" म्हणत चाललो. बोगद्यात तळाशी हातांचे ठसे काढले, तेही दोन रंगांत. तिसऱ्या आठवड्यात जमिनीवर ठेवलेली फळी, मग बाक. बाकावर हात धरायचा मोह होतो, पण वर उचलून धरलेल्या हाताने मूल तिकडेच झुकते आणि आपला तोल शोधत नाही. आम्ही कमरेच्या उंचीवर फक्त एक बोट दिले. पाचव्या आठवड्यात तिने ते बोट स्वतःच सोडले. जिन्यात मात्र अजून कठडा लागतो, आणि ते चालेल.

बत्तीस मुलांत एकाची पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न राहतोच. सहा-सहांचे गट केले, पुढचे मूल बोगद्यात शिरले की मागचे दोरावर सोडायचे. बाकीची मुले दुसऱ्या शिक्षिकेजवळ चित्रे रंगवतात. एकटी शिक्षिका असेल तर बाकाचा टप्पा काढून टाकावा, कारण तिथे उभे राहायला माणूस हवेच.

काही पालक विचारतात, याने अक्षर सुधारेल का? आम्ही तसे आश्वासन देत नाही. मूल जे करते त्यातच ते तयार होते. पेन्सिलीसाठी पेन्सिलच धरावी लागते. आणि एक गोष्ट या वाटेवर सोडवायची नसते. मूल नेहमी एकाच बाजूला पडत असेल, एक हात किंवा पाय स्पष्ट कमजोर वाटत असेल, किंवा आधी जमत होते ते आता जमेनासे झाले असेल, तर बाक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

घरी करायचे असेल तर बाक नकोच. ओढणीची जाड दोरी वळून फरशीवर चिकटवा, डायनिंगच्या खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा करा, वाटी स्वयंपाकघरात आहेच. आमची खोकी ऑगस्टअखेर दमटपणाने मऊ पडली आणि एका सकाळी बसलीच. आतला मुलगा हसत बाहेर आला, आणि आम्ही दुपारी पुन्हा तपकीर गल्लीत गेलो.